विश्लेषण : उठावदार चित्र बोटांना कळते का? दृष्टिहीन मुलाचे पहिले पुस्तक कसे असावे?

मुलाला दिसत नाही हे निदान झाल्यानंतर काही महिन्यांतच अनेक घरांत एक पुस्तक येते. कुणी नातेवाईक भेट देतो, कुणी ऑनलाइन मागवतो. पुस्तक देखणे असते. हत्ती, बस, घर, सूर्य यांच्या बाह्यरेषा कागदावर उठवलेल्या असतात आणि खाली ब्रेलची एक ओळ असते. आई मुलाचे बोट धरून रेषेवरून फिरवते, ‘हा बघ हत्ती’ म्हणते. मूल दोन-तीन पानांनंतर हात काढून घेते, पुस्तकाची कड चावू लागते किंवा पाने फडफडवत बसते. मग घरात ठरून जाते, की याला पुस्तकांची आवड नाही.

बहुतेक वेळा दोष त्या पुस्तकात असतो. डोळस मुलांसाठी काढलेल्या चित्राला फक्त उठाव दिला, तर ते चित्र डोळ्यांसाठीच राहते. बोटांना त्यातून एक वळणावळणाची रेघ तेवढी मिळते. म्हणून माझे मत असे, की पूर्ण दृष्टिहीन मुलाचे पहिले चित्रपुस्तक विकत घेण्याच्या फंदात पडू नये. ते घरी, मुलाच्या रोजच्या वस्तूंतून करावे आणि त्यावर पहिल्या दिवसापासून मराठी ब्रेल असावे.

बोट आणि डोळा यांच्या पाहण्यात फरक काय?

डोळा चित्र एकदम पाहतो आणि तपशील नंतर शोधतो. बोटाचे काम उलट चालते. त्याला आधी एक कोपरा मिळतो, मग एक कड, मग दुसरी कड आणि हे सगळे तुकडे डोक्यात साठवून त्यांचे एक रूप करावे लागते. चार वर्षांच्या मुलासाठी हे काम सोपे नाही. त्यात बोटाच्या टोकाला फार जवळचे दोन उठाव वेगळे कळत नाहीत. दोन रेषांमध्ये साधारण तीन मिलिमीटर मोकळी जागा नसेल, तर त्या मिळून एकच जाडसर गोळा होतात. हत्तीचा डोळा, सोंडेवरच्या सुरकुत्या, पायाची नखे हे सारे छापखान्यात सुंदर दिसते, पण बोटाखाली त्याची वाळू होते.

दुसरी अडचण जास्त खोलवरची आहे. चित्र काढण्याचे आपले अनेक संकेत दृष्टीतून आले आहेत. झाडामागे उभा मुलगा दाखवताना आपण त्याचे अर्धे अंगच काढतो. लांबचे घर लहान काढतो. टेबलाचे चार पाय कागदावर तिरपे पसरतात. ज्याने कधी पाहिलेलेच नाही, त्याच्या दृष्टीने अर्धा मुलगा म्हणजे अर्धाच मुलगा. टेबलाचे पाय तर त्याने हाताने मोजलेले असतात, ते सरळ खाली जातात, हे त्याला आपल्यापेक्षा पक्के ठाऊक असते. चित्रातले टेबल त्याला चुकीचे वाटते आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते आहेच.

‘बस’चे उदाहरण काय सांगते?

बहुतेक स्पर्शपुस्तकांत बस असते. लांबट चौकोन, त्यात तीन-चार छोटे चौकोन आणि खाली दोन वर्तुळे. डोळस मुलाने ही आकृती बाजूने जाणाऱ्या बसमध्ये पाहिलेली असते. दृष्टिहीन मुलाने बस अशी कधी अनुभवलेलीच नसते. त्याने चाकांना हात लावलेला नसतो, आणि लावू नये हेच बरे. त्याची एसटी म्हणजे उंच पायरी, जिच्यावर चढताना कुणीतरी काखेत हात घालून उचलते. हाताला लागणारा गार लोखंडी दांडा. थोडे फाटलेले, उन्हात तापलेले रेक्झिनचे आसन. खिडकीची थरथरणारी कड, डिझेलचा वास, कंडक्टरची टिकटिक आणि हातात आलेला तिकिटाचा पातळ कागद.

आता हेच पान बोटांसाठी करायचे ठरवले, तर त्यात चौकोन आणि वर्तुळे लागणारच नाहीत. जाड पुठ्ठ्यावर रेक्झिनचा तळहाताएवढा तुकडा, त्याच्या शेजारी उभी शिवलेली एक गुळगुळीत धातूची नळी आणि खाली एका पाकिटात खरे तिकीट. मूल आसनावरून हात फिरवते, दांडा पकडते, तिकीट काढते, परत ठेवते. त्याला ही बस ओळखू येते, कारण ती त्याचीच बस आहे. आपल्याला मात्र हे पान पाहून बस ओळखू येणार नाही. पालकांना सुरुवातीला सर्वात जड जाते ते हेच. मुलाचे पुस्तक पाहुण्यांना ‘चित्र’ वाटणार नाही, हे स्वीकारावे लागते.

यातून एक कामाचा नियम मिळतो. वस्तूचा जो भाग मुलाच्या हाताला रोज लागतो, तोच भाग पानावर यावा. मगाचा कान, दाराची कडी, दप्तराचा पट्टा, सायकलच्या मुठीचे रबर.

बाजारातली सगळी स्पर्शचित्रे सारखीच असतात का?

नाही. ढोबळ मानाने तीन जाती दिसतात. पहिल्या जातीत फक्त उठावाच्या रेषा असतात. अशी चित्रे बऱ्याचदा ‘स्वेल पेपर’वर केलेली असतात. या कागदावर काळ्या शाईने काढलेला भाग उष्णता दिल्यावर फुगतो. दुसरी ‘थर्मोफॉर्म’ची. साच्यावर प्लास्टिकचा पत्रा गरम करून ओढून घेतात, त्यामुळे चित्राला थोडी खोली येते, पण सगळे एकाच प्लास्टिकचे लागते. मांजर आणि दगड दोन्ही सारखेच गुळगुळीत. तिसरी जात कापड, लोकर, लाकूड, सँडपेपर असे वेगवेगळे पोत चिकटवून किंवा शिवून केलेली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहानपणापासून दृष्टिहीन असलेल्या मुलांना या तिन्ही प्रकारची चित्रे ओळखायला दिली होती. पोतांची चित्रे सर्वात चांगली ओळखली गेली, त्याखालोखाल थर्मोफॉर्म आणि शेवटी नुसत्या रेषा. त्या संशोधकांत फिलिप क्लोदे यांचाही समावेश होता. फ्रान्समध्ये दिजाँ शहराजवळ ‘ले द्वा की रेव’, म्हणजे ‘स्वप्न पाहणारी बोटे’, ही स्पर्शपुस्तके करणारी संस्था त्यांनी 1994 मध्ये सुरू केली. तिथली पुस्तके आजही बरीचशी हाताने जुळवली जातात, कारण पोतांचे पुस्तक छापखान्यातून धाडधाड बाहेर पडत नाही. ते महाग असण्याचे आणि दुकानात सहज न मिळण्याचे कारणही तेच.

उठावाच्या रेषा निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. शाळेत भूमिती आणि नकाशे त्याच रेषांनी शिकायचे आहेत. मात्र तो शेवटचा टप्पा आहे आणि आपण तो पहिल्या वाढदिवसाला भेट म्हणून देतो.

घरी पहिले पुस्तक कसे करायचे?

समजा, मुलगी चार वर्षांची आहे, पूर्ण दृष्टिहीन आहे आणि तिला आंघोळ आवडते. मग पहिले पुस्तक आंघोळीचे करावे. पाने पाचच. पंचा, मग, साबण, घासणी, फणी. हा क्रम रोज न्हाणीघरात घडतो तोच ठेवायचा, म्हणजे पान उलटताना पुढे काय येणार, याचा अंदाज मुलीला बांधता येतो. अंदाज बरोबर निघाला की ती हसते. वाचनाची गंमत तिथेच सुरू होते.

पानासाठी ए-फोर आकाराचा, न वाकणारा पुठ्ठा घ्यावा. वापर एकाच बाजूचा करावा, मागची बाजू कोरी. प्रत्येक पानाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापावा. पुस्तक उलटे धरले आहे का, हे मुलीला त्या कोपऱ्यावरून स्वतःच कळते, कुणी सांगावे लागत नाही. बांधणी स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या उघडमीट करता येणाऱ्या रिंगांची असावी. पान पूर्ण सपाट पडले पाहिजे. शिवलेल्या वहीसारखे मधे फुगणारे पुस्तक एका हाताने दाबून धरावे लागते आणि मुलीचा तो हात वाया जातो. वस्तूंमुळे पुस्तक एका बाजूला जाड होते, त्यासाठी बांधणीच्या कडेला पुठ्ठ्याच्या दोन-तीन पट्ट्या एकावर एक चिकटवून जाडी सारखी करायची.

आता वस्तू. पंच्यासाठी तिच्याच जुन्या पंच्याचा तुकडा कापावा, दुकानातून नवे कापड आणू नये. मगासाठी जुन्या प्लास्टिकच्या मगाचा कान थोड्या भिंतीसह कापून, कडा सँडपेपरने घासून, दोन भोके पाडून दोऱ्याने पुठ्ठ्याला घट्ट बांधावा. साबणाची पातळ झालेली वडी जाळीच्या छोट्या पिशवीत ठेवून पिशवी शिवावी. इथे वास निम्मे काम करतो. घासणीचा तुकडा वेल्क्रोने लावावा, म्हणजे तो काढून अंगाला घासून परत लावता येईल. फणी बारीक दातांची, अख्खी, एका टोकाला दोरीने बांधलेली. चिकटवण्यापेक्षा शिवणे केव्हाही चांगले. फेव्हिकॉलचा सुकलेला थर कडक होतो आणि मूल वस्तूऐवजी त्या कडेशीच खेळत बसते. मूल वस्तू तोंडात घालण्याच्या वयाचे असेल, तर बटणे, मणी, टिकल्या अजिबात वापरू नयेत.

एका पानावर एकच वस्तू. सजावट करण्याचा मोह होतो. मगाच्या बाजूला पाण्याचे थेंब म्हणून चमक्या लावाव्याशा वाटतात. बोटाला त्या थेंब वाटत नाहीत, खरखर वाटते.

काही मुलांना थोडे दिसत असते. त्यांच्यासाठी वस्तूच्या मागे गडद विरुद्ध रंग ठेवावा, पांढऱ्या साबणामागे काळा पुठ्ठा. दृष्टिदोष असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना प्रकाश किंवा ठळक रंग कळतो, म्हणून घरी तपासून पाहावे. एवढ्याने स्पर्शाचा भाग कमी करायचे कारण नाही.

पुस्तक जमले की नाही, हे कसे ओळखायचे?

पालक सहसा स्वतःचे डोळे मिटून पान चाचपतात आणि ‘कळते की’ म्हणतात. ही चाचणी फसवी आहे. मिटलेल्या डोळ्यांमागे मगाचे चित्र आधीच तयार असते. बोटांनी त्याला फक्त दुजोरा द्यायचा असतो. शिवाय पान आपणच केलेले.

खरी चाचणी मुलीबरोबर करावी. एका टोपलीत मग, वाटी, चेंडू, फणी अशा चार-पाच खऱ्या वस्तू ठेवाव्यात. पुस्तक पहिल्या पानापासून न उघडता मधूनच उघडावे, कारण क्रम पाठ झाला की मुले न चाचपताच नावे सांगतात. पान हाताखाली देऊन म्हणायचे, ‘टोपलीतलं याच्यासारखं काढ.’ वस्तू बरोबर निघाली, तर पान बोलते आहे. मुलगी दोन-तीनदा गोंधळली, तर तिला दुरुस्त न करता पान दुरुस्त करावे. पंचा आणि घासणी यांचा पोत फार सारखा झाला असेल, तर घासणी बदलावी.

हात पाहूनही बरेच कळते. ओळखीच्या वस्तूवर मुलाचे दोन्ही हात येतात, एक वस्तू धरतो आणि दुसरा फिरतो. नुसते एक बोट पुढे असेल आणि बाकीची मूठ बंद असेल, तर मूल साशंक आहे. बुळबुळीत, फार केसाळ किंवा चिकट पोतांना काही मुले हात लावत नाहीत. अशी पाने बाजूला ठेवावीत, जबरदस्ती करू नये.

याच कारणाने मुलाचे बोट पकडून रेषेवर फिरवण्याची पद्धत सोडली पाहिजे. मोठ्यांनी आपला हात खाली ठेवावा आणि मुलाचा हात त्यावर येऊ द्यावा. आईचा हात पंच्यावर फिरतो, तिच्या बोटांवर मुलीची बोटे असतात आणि हळूहळू ती घसरून कापडावर येतात. या पद्धतीत मुलीला नको वाटले तर हात काढून घेण्याची मोकळीक असते. ज्याला दिसत नाही, त्याच्या बोटांना न विचारता ओढणे म्हणजे आपली मान धरून कुणी एखाद्या चित्रासमोर नेण्यासारखेच आहे.

ब्रेल कधी आणायचे? मूल तर अजून अक्षरेही शिकलेले नाही...

डोळस मूल वाचायला लागण्याआधी हजारो वेळा अक्षरे पाहते. दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, आईच्या हातातले वर्तमानपत्र. त्यामुळे ‘लिहिलेले काहीतरी असते आणि मोठी माणसे ते वाचतात’ हे त्याला शिकवावे लागत नाही. दृष्टिहीन मुलाला ब्रेल शाळेत गेल्यावर पहिल्यांदा भेटले, तर ही चार-पाच वर्षे कोरी जातात. म्हणून आंघोळीच्या पुस्तकात प्रत्येक पानाच्या वरच्या भागात ब्रेलची पट्टी असावी, तिच्या खाली तोच शब्द छापील अक्षरांत आणि तीन-चार सेंटिमीटर जागा सोडून वस्तू. छापील शब्द मोठ्या बहिणीसाठी, आजोबांसाठी. घरातल्या कुणीही पुस्तक उचलले, तरी तोच शब्द म्हटला गेला पाहिजे. आजोबांनी ‘मग’ म्हणायचे आणि आईने ‘आंघोळीचा टमरेल’ म्हणायचे, असे झाले तर ब्रेलच्या ठिपक्यांना अर्थ राहत नाही.

आता मोबाइलच सारे वाचून दाखवतो, मग ब्रेल हवे कशाला, असा प्रश्न हमखास येतो. ऐकून गोष्ट कळते, पण शब्द कुठे तुटतो, ‘किती’मधली कोणती वेलांटी ऱ्हस्व आणि कोणती दीर्घ, हे कानाला कळत नाही. ऐकणे आणि वाचणे या दोन्ही गोष्टी मुलाला हव्यात.

पालकांनी मराठी ब्रेल शिकणे कितपत अवघड?

वाटते त्यापेक्षा बरेच सोपे, कारण पालकांना ते डोळ्यांनी वाचायचे असते. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपक्यांच्या जागा असतात. डाव्या बाजूला वरून खाली 1, 2, 3 आणि उजव्या बाजूला 4, 5, 6. लुई ब्रेल यांनी आपली पद्धत 1829 मध्ये प्रसिद्ध केली, ती मुळात फ्रेंच अक्षरांसाठी. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये भारती ब्रेल स्वीकारले गेले. त्यात उच्चाराने जवळची अक्षरे शक्य तिथे रोमन ब्रेलसारखीच ठेवली आहेत, म्हणून मराठीचा ‘म’ आणि इंग्रजीचा ‘एम’ एकच. पुढे शाळेत इंग्रजी ब्रेल शिकताना हा हिशेब मुलाच्या उपयोगी येतो.

आंघोळीच्या पुस्तकातला सर्वात सोपा शब्द ‘मग’. ‘म’ म्हणजे 1, 3, 4 आणि ‘ग’ म्हणजे 1, 2, 4, 5. दोन घरांत शब्द संपला. ‘फणी’साठी तीन घरे लागतात. ‘फ’ 2, 3, 5. ‘ण’ 3, 4, 5, 6. आणि ‘ई’ 3, 5. इथे एक गोष्ट लक्षात येईल. वेलांटीला वेगळे चिन्ह नाही, स्वर ‘ई’च व्यंजनानंतर लिहायचा. छापील मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी येते, ब्रेलमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी ‘क’ आणि मग ‘इ’. जोडाक्षरात मात्र हलन्ताचे चिन्ह (ठिपका 4) ज्या व्यंजनाचा पाय मोडतो, त्याच्या आधी येते. डोळस माणसाला इथे सवय मोडावी लागते. पहिल्या पुस्तकात जोडाक्षरे टाळली, तर आपल्यालाही श्वास घ्यायला वेळ मिळतो.

लिहिण्यासाठी पाटी आणि टोचणी लागते. दोन पट्ट्यांच्या चौकटीत कागद अडकवून टोचणीने मागून ठिपके पाडायचे आणि कागद उलटून वाचायचे. त्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि घराची उजवी बाजू 1, 2, 3 समजावी लागते. नव्या पालकांच्या चुका नेमक्या इथे होतात. घराच्या बाजू उलटल्या की ‘इ’चा ‘ए’ होतो आणि ‘ज’चा ‘ह’, कारण या जोड्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. पट्टी चिकटवण्यापूर्वी कागद उलटून, तक्त्याशी ताडून, एकेक घर वाचावे. पर्किन्सच्या ब्रेल टंकयंत्रावर ही उलटापालट नसते, ठिपके वरच उमटतात, पण ते यंत्र महाग आहे; पहिल्या पुस्तकासाठी त्याची गरज नाही.

कागदाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. झेरॉक्सच्या कागदावर ठिपके फाटतात किंवा चार वाचनांत बसतात. ब्रेलसाठीचा जाड कागद किंवा निदान ड्रॉइंगचा जाड कागद घ्यावा. ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच आणि माथ्याला गोल असावा, टोचणारा नसावा. पट्टी चिकटवताना वरून अंगठ्याने दाबली तर मेहनत पाण्यात जाते. गोंद मागे लावून फक्त कडा दाबाव्यात. आणि ठिपके मोठे करू नयेत. ‘लहान मूल आहे, जरा मोठे ब्रेल करू’ म्हणून कापसाच्या गोळ्यांचे किंवा बटणांचे सहा ठिपके चिकटवतात. आकार समजावण्याच्या खेळात ते ठीक आहे. पण वाचायचे ब्रेल एका बोटाच्या टोकाखाली पूर्ण मावायला हवे. मोठ्या ठिपक्यांवर बोटाला फिरत बसावे लागते आणि ती सवय पुढे वाचनात आड येते.

चार वर्षांच्या मुलीने ‘मग’मधली अक्षरे ओळखावीत, ही अपेक्षा मुळीच नाही. तिने पट्टीवर डावीकडून उजवीकडे हात न्यावा, तिथे काहीतरी लिहिलेले आहे हे तिला कळावे आणि ‘मग’ची पट्टी ‘फणी’पेक्षा आखूड आहे हे हळूहळू जाणवावे. हात हलका हवा. बोटाचे टोक दाबून पांढरे पडत असेल किंवा ठिपक्यांवर बोट वर-खाली घासले जात असेल, तर सराव घाईचा झाला आहे. एक खेळ उपयोगी पडतो. सहाही ठिपके भरलेल्या घरांची एक लांब ओळ काढायची, ती झाली आगगाडी; मधे एक घर रिकामे सोडायचे, ते स्टेशन. बोट स्टेशनवर थांबले की शिट्टी वाजवायची. हे भरलेले घर भारती ब्रेलमध्ये ‘ढ’ आहे. शाळेत ज्या अक्षराने एखाद्याला हिणवतात, तेच ब्रेलमध्ये सर्वात भरगच्च निघावे, याची जाता जाता गंमत वाटते.

वस्तूंकडून रेषांकडे कधी वळायचे?

याला वयाचा आकडा नाही, टप्पे आहेत. आधी अख्खी वस्तू. मग वस्तूचा भाग, जसा मगाचा कान. मग वस्तूचा पोत एका साध्या आकारात कापलेला, म्हणजे पंच्याच्या कापडाचा चौकोन. त्यानंतर तोच चौकोन साध्या जाड कागदाचा आणि अखेरीस नुसती उठावाची रेषा. प्रत्येक वेळी जुने आणि नवे पान काही दिवस शेजारी शेजारी ठेवायचे. मुलीने मगाचा आडवा छेद हाताने गोल पाहिला असेल, तरच वर्तुळाच्या रेषेत तिला मग सापडेल. वाटी कागदावर उपडी ठेवून तिच्याभोवती लोकरीचा धागा चिकटवणे आणि मग वाटी उचलणे, हा या टप्प्यासाठी सोपा धडा आहे. वस्तू गेली आणि तिची कड मागे राहिली, ही कल्पना मुलीला तिथे हाताने कळते.

काही गोष्टी मात्र कोणत्याही टप्प्यावर पानावर नीट येत नाहीत. ढग, चंद्र, इंद्रधनुष्य. कापसाचा ढग सगळ्या पुस्तकांत असतो आणि मुलाला त्यातून एवढेच कळते, की आकाशात कापूस आहे. प्राण्यांच्या प्लास्टिकच्या खेळण्यांचेही तसेच. हत्ती आणि मांजर दोन्ही मुठीत मावणारे, गार आणि कडक. ती देऊच नयेत असे नाही, पण सोबत बोलणे हवे. हत्तीचा एक पाय घरातल्या कोणत्या पिंपाएवढा जाड, त्याचे पोट किती उंचावर, बाबांच्या खांद्यावर बसून हात वर केला तरी त्याच्या पाठीला लागेल का? या गप्पांतून हत्ती जितका कळतो, तितका रेषेतून कळत नाही.

व्यवस्थेकडून काय मिळते आणि काय राहून जाते?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना 18 वर्षांपर्यंत पुस्तके आणि शिक्षणसाहित्य मोफत देण्याची तरतूद आहे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे एखादे प्रकाशित पुस्तक दृष्टिहीन वाचकासाठी ब्रेलमध्ये करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. म्हणजे बाजारातले मराठी बालपुस्तक घेऊन, त्याच्या पानांवर पारदर्शक चिकटपट्टीवर ब्रेल लावून ते मुलाला देणे कायद्याला धरून आहे. डेहराडूनची राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन सशक्तीकरण संस्था आणि मुंबईतली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ब्रेल छपाई करतात. पाटी-टोचणी आणि भारती ब्रेलचा तक्ता मागायला पहिला दूरध्वनी तिथे करता येतो.

पण या सगळ्या योजनांचा भर शाळेच्या पुस्तकांवर आहे. तीन ते सहा या वयासाठी मराठी ब्रेलमधली स्पर्शपुस्तके हाताच्या बोटांवर मोजावी लागतात, आणि जी भेट म्हणून विकली जातात ती बऱ्याचदा देणाऱ्याच्या डोळ्यांना आवडावीत अशी केलेली असतात. प्रकाशकांनी चित्र छापायला देण्यापूर्वी ते पाच-सहा दृष्टिहीन मुलांच्या हाताखाली टोपलीच्या चाचणीला ठेवावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. सरकारी खरेदीतही तीच अट घालता येईल. आज निविदेत कागदाची जाडी आणि रंगांची संख्या विचारली जाते. ‘किती मुलांनी हे ओळखले’ हा रकानाही तिथे असायला हवा.

तोवर पालकांनी एकमेकांत पुस्तके फिरवावीत. आंघोळीचे पुस्तक एका घरात, भाजीचे दुसऱ्या घरात, एसटीचे तिसऱ्या. भारतीय टपाल खात्यात अंधांसाठीच्या साहित्याचे पाकीट 7 किलोपर्यंत टपालखर्चाशिवाय पाठवता येते. ब्रेलची पुस्तके एकावर एक रचली की ठिपके बसतात, म्हणून ती खोक्यात आणि घरातल्या फळीवरही उभी ठेवावीत, फार घट्ट दाबून नाही.